रॅक भरत नाही, तरीही बॅच मोठीच हवी

*ताई, नमस्कार. भोसरीला माझं छोटं मोल्डिंगचं युनिट आहे. पाच लिटरच्या कॅनची जाड झाकणं आम्ही चार कॅव्हिटीच्या मोल्डवर काढतो. मशीन या कामावर असलं की दिवसाला ३,००० झाकणं निघतात आणि गिऱ्हाईक रोज सरासरी १,०८० उचलतं. मोल्ड चढवायला दर वेळी साधारण २,४०० रुपये जातात, आणि एक झाकण वर्षभर पडून राहिलं तर १ रुपया २० पैसे लागतात. इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याने सूत्रात आकडे घालून सांगितलं की एका वेळी ३६,००० काढा. तेवढा माल मावावा म्हणून शेजारची शेड भाड्याने घेतली, रॅक लावली. पण रॅकमध्ये २३,००० च्या वर माल कधी गेलाच नाही. आमचं चुकतंय की सूत्र? बॅच वाढवू की शेड सोडू? याच मशीनवर आणखी दोन पार्ट चालतात, हेही सांगितलं पाहिजे. — भोसरीचा एक वाचक*

दादा, नमस्कार.

तुमच्या रॅकमधली मोजणी बरोबर आहे आणि पुतण्याचा हिशोबही बेरीज-गुणाकारात चुकलेला नाही. त्याने सूत्र मात्र दुसऱ्या कामाचं लावलं. ते बाहेरून माल मागवणाऱ्यासाठी आहे, आणि तुम्ही माल बनवता. या एका फरकातून तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं निघतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

३६,००० झाकणं काढायला तुम्हाला १२ दिवस लागतात. त्या १२ दिवसांत गिऱ्हाईक थांबलेलं नसतं. रोज १,०८० या हिशोबाने ते १२,९६० झाकणं घेऊन जातं. म्हणजे बॅचमधली जवळजवळ १३,००० झाकणं रॅकवर चढायच्या आधीच गाडीत जातात. ३६,००० मधून १२,९६० वजा केले की २३,०४० उरतात. तुम्ही जो आकडा दर वेळी बघता तो हाच.

पुतण्याच्या सूत्रात अशी समजूत आहे की सगळा माल एका क्षणात दारात येतो. सकाळी रॅक रिकामी, दुपारी ट्रक आला, रॅक भरली, आणि मग ती हळूहळू उतरत गेली. पुठ्ठ्याचे बॉक्स किंवा प्लास्टिकचा दाणा तुम्ही मागवता तेव्हा अगदी असंच होतं, आणि तिथे ते सूत्र चोख आहे. दाण्याची ऑर्डर किती द्यायची हे ठरवायला ते खुशाल वापरा. झाकणांचं तसं नाही. तिथे रॅक १२ दिवस चढत असते आणि चढताना एका बाजूने रिकामीही होत असते. दिवसाला ३,००० आत येतात, १,०८० बाहेर जातात, म्हणून साठा रोज फक्त १,९२० ने वाढतो.

या विषयाच्या इतिहासातही ही अडचण सुरुवातीपासून होती. १९१३ साली अमेरिकेत फोर्ड हॅरिस या अभियंत्याने हे सूत्र मांडलं, तेव्हा त्याच्यासमोरचा प्रश्न कारखान्यात एका वेळी किती नग बनवावेत हाच होता. तरी त्याने हिशोबात सरासरी साठा बॅचच्या निम्मा धरला, जणू सगळी बॅच एकदमच गोदामात येते. यंत्राच्या वेगाचा विचार घालून १९१८ मध्ये ई. डब्ल्यू. टाफ्ट यांनी ते दुरुस्त केलं. पहिल्याला आपण ऑर्डर क्वांटिटी म्हणतो आणि दुसऱ्याला इकॉनॉमिक प्रॉडक्शन क्वांटिटी, म्हणजे किफायतशीर उत्पादन-संख्या. तुम्हाला दुसरी हवी आहे.

दोन्ही सूत्रं शेजारी ठेवून बघा:

```
ऑर्डर :   Q = √( 2DS / h )
उत्पादन : Q = √( 2DS / ( h × (1 − d/p) ) )
```

D म्हणजे वर्षाची मागणी. ३०० कामाचे दिवस धरले तर तुमची ३,२४,००० झाकणं होतात. S म्हणजे एकदा मोल्ड चढवण्याचा खर्च, २,४०० रुपये. h म्हणजे एक झाकण वर्षभर सांभाळण्याचा खर्च, १.२० रुपये. d ही रोजची उचल आणि p हा मशीनचा रोजचा वेग. नवीन आहे ते फक्त शेवटचं पद. तुमच्यासाठी d/p म्हणजे १,०८० भागिले ३,००० म्हणजे ०.३६, आणि १ मधून ते वजा केलं की ०.६४. याचा अर्थ असा की बॅचमधल्या दर शंभर झाकणांपैकी ६४ रॅकचं तोंड बघतात आणि ३६ थेट निघून जातात. माल सांभाळण्याचा खर्च लागतो तो फक्त त्या ६४ वर. सांभाळणं स्वस्त झालं, मोल्ड बदलणं मात्र तेवढंच महाग राहिलं. मग साहजिकच मोल्ड कमी वेळा बदलावा आणि एकदा चढवला की जास्त झाकणं काढावीत.

किती जास्त, तेही सोपं आहे. ०.६४ चं वर्गमूळ ०.८. पुतण्याच्या ३६,००० ला ०.८ ने भागा. उत्तर ४५,००० येतं.

आता ४५,००० ची बॅच तुमच्या शेडमध्ये कशी चालेल ते पाहू. मशीन १५ दिवस चालेल. रोज १,९२० ने साठा वाढत १५ व्या दिवशी २८,८०० वर जाईल, आणि तिथून वर जाणार नाही. मग मोल्ड उतरेल आणि रॅकमधला माल रोजच्या १,०८० च्या उचलीने साधारण २६ दिवस आणि थोडा वेळ पुरेल. पूर्ण फेरा ४१ ते ४२ कामाच्या दिवसांचा झाला. वर्षाला अशा ७.२ फेऱ्या होतात. तेव्हा बॅच ९,००० ने मोठी करूनही, तुम्ही ३६,००० साठी घेतलेली जागा पुरून उरते. तीन दिवसांच्या उचलीएवढा, म्हणजे ३,२४० झाकणांचा अडीअडचणीचा साठा कायम ठेवलात तरी सर्वांत जास्त माल ३२,०४० च्या आसपास राहील. शेड वाढवायची गरज नाही. तिचा एखादा कोपरा दाण्याच्या गोण्यांसाठी वापरता आला तर वापरा.

इथवर ऐकून तुम्ही लगेच बॅच बदलायला निघाल, म्हणून पैशाचा हिशोबही मांडते. ३६,००० च्या बॅचने वर्षाला ९ वेळा मोल्ड चढतो, त्याचे २१,६०० रुपये. सरासरी साठा २३,०४० च्या निम्मा, म्हणजे ११,५२० झाकणं. त्याला १.२० ने गुणलं की १३,८२४ रुपये. एकूण ३५,४२४. आता ४५,००० ची बॅच घ्या. मोल्डचे १७,२८० रुपये आणि साठ्याचेही बरोबर १७,२८० रुपये, एकूण ३४,५६०. दोन्ही खर्च अगदी सारखे आले, हीच बॅच नेमक्या जागी बसल्याची खूण असते. पण वर्षाची बचत बघा. फक्त ८६४ रुपये. हा आकडा मी मुद्दाम समोर ठेवतेय, कारण या सूत्राबद्दल सांगणारे बहुतेक जण तो सांगत नाहीत. खर्चाची रेघ तळाशी खूप सपाट असते. बॅच थोडी इकडे-तिकडे झाली तर फारसं काही बिघडत नाही.

मग इतका खटाटोप का, असं वाटेल. तुमच्या बाबतीत त्याचे तीन उपयोग मला दिसतात, आणि ८६४ रुपयांपेक्षा ते मोठे आहेत.

पहिला म्हणजे जागा आणि पैसा किती अडकतो याचा खरा अंदाज. पुतण्याच्या कागदावर वर्षाचा साठ्याचा खर्च २१,६०० होता. तुमचा खरा खर्च १३,८२४ होता. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, शेडचं भाडं, रॅकची खरेदी, हे सगळं तुम्ही फुगलेल्या आकड्यावर ठरवलंत. शेड घेण्याआधी २३,०४० हा आकडा हातात असता तर बहुधा कमी जागा घेतली असती.

दुसरा उपयोग सपाट रेघेचाच. ती सपाट आहे म्हणून तुम्हाला सोयीचा आकडा निवडण्याची मुभा मिळते. गुरुवारची सुट्टी सोडली तर तुमचे आठवड्याला सहा दिवस कामाचे. ४२ कामाचे दिवस म्हणजे बरोबर सात आठवडे. दर सातव्या आठवड्याला ठरलेल्या वारी झाकणांचा मोल्ड चढवायचा आणि ४५,३६० झाकणं काढायची. वर्षाचा खर्च एखाद्या रुपयाने वाढतो, पण सेटरला, दाण्याच्या सप्लायरला आणि तुम्हाला तारीख आधीपासून ठाऊक असते. मला हा आकडा ४५,००० पेक्षा जास्त आवडतो.

तिसरा उपयोग मशीन मंदावतं तेव्हाचा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. चार कॅव्हिटीपैकी एक बिघडली की आपण ती बंद करतो आणि तीनवर काम रेटतो, हे तुमच्याकडेही होत असणारच. मग दिवसाला ३,००० ऐवजी २,२५० झाकणं निघतात. बॅच किती करायची? बहुतेक जण म्हणतील, मशीन हळू झालं, बॅच लहान करा. हिशोब उलटं सांगतो. d/p आता ०.४८ झालं, कंसातलं पद ०.५२ वर आलं, आणि किफायतशीर बॅच जवळजवळ ५०,००० झाली. दोन कॅव्हिटी बंद पडल्या तर वेग १,५००, d/p ०.७२, आणि बॅच ६८,००० च्या घरात. कारण सरळ आहे. मशीन जितकं मागणीच्या जवळ येतं तितका साठा हळू चढतो, सांभाळायला माल कमी लागतो, आणि मोल्ड चढलेला ठेवण्यातच फायदा दिसतो. वेग मागणीएवढाच झाला तर सूत्राचा छेद शून्य होतो, म्हणजे मोल्ड उतरवूच नका. वेग मागणीहून कमी झाला तर सूत्र चालतच नाही. तिथे प्रश्न बॅचचा नसतो, दुसरी शिफ्ट लावण्याचा असतो.

याच्या दुसऱ्या टोकाला, मशीन खूप वेगवान असेल तर d/p नगण्य होतं आणि दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात. दिवसाला ३०,००० झाकणं काढणारं मशीन असतं तर पुतण्याच्या ३६,००० ला मी हातही लावला नसता. माझा ढोबळ नियम असा: उचल मशीनच्या वेगाच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी असेल तर साधं सूत्र पुरे, कारण फरक पाच-सहा टक्क्यांच्या पुढे जात नाही. तुमच्याकडे उचल तिसऱ्या हिश्शाहून जास्त आहे, म्हणून फरक २५ टक्क्यांचा आला.

आता एक प्रश्न मला तुम्हाला विचारायचा आहे, आणि त्याच्या उत्तरावर वरचं सगळं टिकून आहे. पहिल्या दिवशी निघालेली झाकणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडीत चढतात का? तुमचा २३,००० चा आकडा बघता चढत असावीत. एक दिवस थंड होऊन माप स्थिर व्हायला ठेवता, मग गेज लावून सोडता, एवढं असेल तर काही बिघडत नाही. गाडी रोज न येता आठवड्यातून दोनदा येत असेल तरी चालतं, कारण १५ दिवसांच्या चढणीत तो खंड छोटा आहे.

पण काही गिऱ्हाईकं पूर्ण बॅच तपासून एकच रिपोर्ट मागतात आणि तो मंजूर होईपर्यंत एकही नग हलू देत नाहीत. तसं असेल तर माल बनताना निघून जात नाही. तो १२-१५ दिवस तुमच्याच जमिनीवर साचतो, आणि तेवढे दिवस गिऱ्हाईकाला द्यायला जुना साठाही बाजूला ठेवावा लागतो. दोन ढीग एकाच वेळी. मग कंसात वजा नाही, अधिक येतं: (१ + d/p). तुमच्या आकड्यांनी ते १.३६ होतं आणि किफायतशीर बॅच सुमारे ३०,९०० वर उतरते. मशीन तेच, मोल्ड तोच, उचलही तीच. फक्त माल सोडण्याची रीत बदलली आणि ४५,००० ची बॅच ३१,००० च्या खाली आली. त्यामुळे उद्या एखाद्या नव्या गिऱ्हाईकाने बॅच-मंजुरीची अट घातली, तर दर ठरवण्याआधी हा हिशोब नव्याने करा. त्या अटीत तुमची जागा आणि व्याज दोन्ही जातात, आणि ते दरात धरण्यात गैर काही नाही.

आता त्याच मशीनवरच्या दोन पार्टांचं. सूत्राला त्यांचा पत्ताच नाही. ते असं धरून चालतं की झाकणांची पाळी आली की मशीन मोकळंच असणार. तुमच्याकडे झाकणांची बॅच संपल्यावर साठा २६ दिवस आणि थोडा वेळ पुरतो, म्हणजे तेवढ्या काळात दोन्ही पार्ट काढून, मोल्ड बदलून मशीन परत आलं पाहिजे. न आलं तर गिऱ्हाईकाची गाडी रिकामी जाते.

ते बसतं की नाही हे बघायची एक सोपी रीत आहे. प्रत्येक पार्टची रोजची उचल त्याच्याच मशीन-वेगाने भागा. झाकणांचं ०.३६ आलं, म्हणजे झाकणं मशीनचा ३६ टक्के वेळ घेतात, बॅच कितीही ठेवली तरी. समजा दुसऱ्या पार्टचं ०.२० आलं आणि तिसऱ्याचं ०.२५. बेरीज ०.८१. सात आठवड्यांच्या ४२ दिवसांत झाकणांना १५ दिवस, दुसऱ्याला साडेआठच्या आसपास, तिसऱ्याला साडेदहा. एकूण ३४ दिवस. उरलेल्या आठ दिवसांत तीन मोल्ड बदलायचे आणि बिघाडाला जागा ठेवायची. एक मोल्ड बदलायला अर्धा दिवस धरला तरी दीड दिवसच जातो. आरामात बसतं. पण तुमची खरी बेरीज ०.९५ आली, तर मोल्ड बदलायला ४२ दिवसांत फक्त दोन दिवस उरतील आणि पहिल्याच बिघाडाला सगळं कोसळेल. बेरीज १ च्या वर गेली तर कोणतीही बॅच तुम्हाला वाचवणार नाही.

आणखी एक खबरदारी. तिन्ही पार्टांची बॅच वेगवेगळी काढून तीन वेगवेगळे फेरे लावू नका. एकाचा फेरा ४२ दिवसांचा, दुसऱ्याचा ३१ चा, तिसऱ्याचा ५५ चा असला की कधी ना कधी दोघांची पाळी एकाच दिवशी येते. तिघांना एकच फेरा द्या आणि क्रम ठरवून टाका. त्यासाठी तिघांचा मोल्ड चढवण्याचा खर्च एकत्र करायचा आणि साठ्याचा खर्चही एकत्र. पुतण्याला हे सूत्र द्या, तो काढेल:

```
T = √( 2 × ΣS / Σ( h × D × (1 − d/p) ) )
```

इथे T वर्षाच्या भागात येतो, म्हणून त्याला ३०० ने गुणायचं म्हणजे कामाचे दिवस मिळतात. प्रत्येक पार्टची बॅच म्हणजे त्याची रोजची उचल गुणिले ते दिवस. एकट्या झाकणांसाठी हे केलंत तर तेच ४१ ते ४२ दिवस येतील, त्यावरून पुतण्याला आपला हिशोब तपासता येईल. d आणि p एकाच मापात हवेत, हे त्याला बजावून सांगा. एक कामाच्या दिवसाचं आणि दुसरं महिन्याचं, किंवा उचल ३६५ दिवसांवर काढलेली आणि वेग शिफ्टवर, अशी गल्लत नवख्याच्या हातून हमखास होते. p म्हणून मशीनच्या पाटीवरचा वेग घालू नये. रिजेक्शन वजा करून दिवसाअखेर जे चांगले नग हाती लागतात, तेच घालावेत.

तुमच्या २,४०० रुपयांबद्दलही बोलायला हवं, कारण सगळ्यात मोठी कमाई तिथे आहे. त्या रकमेत काय काय धरलंय? मोल्ड बदलताना बॅरल साफ करायला वाया जाणारा दाणा, रंग बदलताना जाणारा माल, पहिले शॉट माप धरेपर्यंत होणारं रिजेक्शन, सेटरचा ओव्हरटाइम, हे सगळं खरं आणि त्यात असलंच पाहिजे. महिन्याच्या पगारावर असलेल्या माणसाचा पगार मात्र, तो मोल्ड बदलो वा न बदलो, तुम्ही देताच. तो त्यात घातला असेल तर काढा. त्याचप्रमाणे अर्धा दिवस मशीन बंद राहिल्याचं नुकसान तेव्हाच धरा जेव्हा त्या अर्ध्या दिवसात दुसरं विकाऊ काम खरोखर होणार होतं. वर्षात मशीन मोकळं राहत असेल तर तो खर्च कागदावरचा आहे.

मग हा खर्च प्रत्यक्षात कमी करण्याकडे लक्ष द्या. समजा पुढचा मोल्ड आधीच गरम करून ठेवला, पाण्याच्या नळ्यांना चटकन जोडता येणारी कपलिंग लावली, क्लॅम्प आणि पाने ट्रॉलीवर तयार ठेवले, आधीच्या बॅचच्या सेटिंगचे आकडे लिहून ठेवले, आणि त्यामुळे खर्च २,४०० वरून १,२०० वर आला. किफायतशीर बॅच ४५,००० वरून ३१,८०० वर येते, सर्वांत जास्त साठा साधारण २०,४०० वर येतो, आणि वर्षाचा एकूण खर्च ३४,५६० वरून सुमारे २४,४०० वर. दहा हजारांची बचत, बॅच अचूक काढून मिळालेल्या ८६४ रुपयांशेजारी ठेवून बघा. टोयोटाच्या कारखान्यात शिगेओ शिंगो यांनी १९६९ च्या सुमाराला १,००० टनी प्रेसचा डाय बदलायचा वेळ चार तासांवरून तीन मिनिटांवर आणला, तो याच कारणासाठी. सूत्रातला S दगडावर कोरलेला नसतो. तुमच्या शेडची अडचणही इथेच कायमची सुटेल, कारण २०,४०० अधिक तीन दिवसांचा साठा २४,००० च्या आत राहतो. तेव्हा भाड्याचा करार संपेल त्या वेळी शेड सोडायची की नाही हे मोल्ड बदलण्याच्या वेळेवरून ठरवा. आज घाईने सोडू नका.

पुढच्या बॅचपासून एक काम करा. मोल्ड चढल्यापासून रोज संध्याकाळी रॅकमधली झाकणं मोजून एका वहीत लिहा, आणि शेजारी त्या दिवशीची उचल लिहा. साठा रोज १,९२० च्या आसपास वाढला पाहिजे. सलग तीन-चार दिवस वाढ १,५०० च्या खाली राहिली आणि उचल मात्र नेहमीएवढीच असली, तर एखादी कॅव्हिटी कमी भरतेय, शॉटचा वेळ लांबलाय किंवा रिजेक्शन वाढलंय. उचल वाढली असेल तर d बदललाय. दोन्हीपैकी काहीही असलं तरी सातव्या आठवड्याची तारीख येण्याआधी हिशोब पुन्हा मांडा. आणि मोल्ड उतरवल्यावर साठा किती दिवसांनी तीन दिवसांच्या पातळीवर आला तेही लिहा. २६ ऐवजी २२ दिवसांतच आला, तर दुसऱ्या दोन पार्टांच्या बॅच आधी आवरत्या घ्याव्या लागतील. दोन फेऱ्यांची ती वही आणि बाकीच्या दोन पार्टांचे आकडे मला पाठवा, तिघांचा एक फेरा मी तुम्हाला बसवून देते.